पूर्वेकडच्या किचन लाइनचा कमी दाब: बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका जुन्या अपार्टमेंटच्या कामाच्या नोंदी

५ फेब्रुवारी, दुपार

इमारत चाळीसेक वर्षांची, तळमजला अधिक तीन मजले, एकेका मजल्यावर दोन फ्लॅट. राकसकोप-हिडकल जलाशयांचं पाणी खाली जमिनीतल्या टाकीत, म्हणजे संपमध्ये उतरतं, मोटरने गच्चीवरच्या दोन प्लास्टिकच्या टाक्यांत चढतं आणि तिथून जीआयच्या, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपांच्या लाइनींनी घराघरांत जातं. टाक्या तीन फुटी कट्ट्यावर आहेत. पूर्वी जिन्याच्या डोक्यावर सिमेंटची टाकी होती, ती गळायला लागल्यावर या बसवल्या.

तक्रार एकाच लाइनीची: पूर्वेकडची स्वयंपाकघरं. तळमजल्याला पाणी उत्तम, पहिल्याला बरं, दुसऱ्याला कधी बरं कधी मध्यम, आणि तिसऱ्या मजल्यावर सकाळी नळ नुसता फुसफुसतो. पश्चिमेकडची किचन लाइन आणि बाथरूमच्या लाइनी याच टाक्यांवर आहेत आणि त्या व्यवस्थित चालतात. म्हणजे टाकी, टाकीचं आउटलेट आणि सगळ्या लाइनी जिथून फुटतात तो गच्चीवरचा सामाईक हेडर यांना तपासाच्या पहिल्या फेरीतून सोडायला हरकत नाही.

याआधी बरंच काही करून झालंय. तिसऱ्या मजल्यावरचा नळ दोनदा बदलला, अँगल कॉक बदलला, नळाची जाळी काढून टाकली. शेवटी कुणीतरी लाइनीवर प्रेशर पंप बसवायचा सल्ला दिला आणि बसवण्यासकट २२,००० रुपये सांगितले. सोसायटीच्या सेक्रेटरींना तो खर्च पटेना, म्हणून पुन्हा तपास.

आज दुपारी अडीचला तिसऱ्या मजल्यावर १० लिटरची बादली लावली, ती एका मिनिटात भरली. या उंचीला अर्ध्या इंची नळाकडून एवढीच अपेक्षा असते. तिथे राहणाऱ्या काकूंना तसं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "दुपारी येऊन सगळेच बरं हाय म्हणतासा. सकाळी सातला येऊन बघा की, बादली तशीच रिकामी असते."

त्यांचं म्हणणं बरोबर असणार. उद्या सकाळी.

६ फेब्रुवारी, सकाळी ७

खालच्या दोन स्वयंपाकघरांत भांडी चाललेली. तिसऱ्या मजल्यावर धार नाहीच, पांढरट फेसाळ पाणी थुंकल्यासारखं येतंय. खालच्या दोघांना दोन मिनिटं नळ बंद ठेवायला सांगितलं, तर वर लगेच दुपारसारखी धार. पुन्हा उघडायला सांगितले, पुन्हा थेंब.

सगळ्या तपासाची दिशा इथे ठरली. दोष तिसऱ्या मजल्याच्या घरात असता तर शेजारी काय उघडतो त्याने फरक पडला नसता. दोष चौघांच्या सामाईक पाइपात आहे, म्हणजे तिसऱ्या मजल्याला फाटा जातो त्या टीच्या वर, गच्चीकडे. तिथे कुठेतरी गळा आवळलेला आहे.

असा गळा एकट्या नळाला पाणी पुरवतो. अडथळ्यात दाब किती मरतो ते वाहत्या पाण्यावर ठरतं. पाणी दुप्पट वाहिलं की मरणारा दाब साधारण चौपट होतो. म्हणून दुपारी एकच नळ चालू असताना काही कळत नाही आणि सकाळी तीन नळ चालू झाले की सर्वात वरचा मरतो, कारण त्याच्याकडे मुळात उंचीच कमी. खालच्यांना दहा-दहा फूट जास्त मिळतात, त्यांचं भागतं. आधीच्या माणसांनी दुपारी येऊन नळ बदलला, धार बघितली, पैसे घेतले आणि गेले. कामात लबाडी नव्हती, वेळ चुकीची होती.

पंपाचं उत्तरही इथेच मिळालं. आवळलेल्या गळ्याच्या खाली पंप लावला तर तो त्याच गळ्यातून ओढणार. तेवढं पाणी नाही मिळालं की खालच्यांच्या टीमधून ओढेल, जुन्या जोडांतून हवा ओढेल, आणि भांडण एका मजल्याचं चार मजल्यांचं होईल.

७ फेब्रुवारी

दाब मोजायचा गेज लावून बघितला. बाजारात मिळणारा साधा गेज शून्य ते सात किलोचा, म्हणजे चौरस सेंटिमीटरला इतके किलो. इथली उंची मोजली: तिसऱ्या मजल्याचा नळ गच्चीच्या साडेसहा फूट खाली, कट्टा तीन फूट, टाकीत पाणी चार फूट. एकूण साडेतेरा फूट. ३३ फुटांना साधारण एक किलो धरलं तर इथे ०.४ किलो. सात किलोच्या गेजवर काटा खिळ्यापासून जेमतेम हलतो, त्यावर अर्ध्या-पाऊण फुटाचा फरक वाचणं अशक्य.

अशा कमी दाबाला गवंड्याची लेव्हल ट्यूब हेच खरं मापयंत्र. अर्धा इंची पारदर्शक नळी ३० फूट (२४० रुपये), एक अर्धा इंची होज निपल, क्लिप आणि टेफ्लॉन टेप. तिसऱ्या मजल्याचा नळ काढून त्या जागी निपल बसवला, नळी खिडकीतून वर गच्चीवर नेली आणि आठ फुटी बांबूला बांधून उभी केली. पाइपात जेवढा दाब, तेवढ्या उंचीवर पाणी नळीत उभं राहतं. फूट-इंचात, डोळ्यांसमोर.

दोन गोष्टी पाळाव्या लागतात. नळीत बुडबुडा राहिला तर उंची खोटी दिसते, म्हणून आधी नळी खाली वाकवून पाणी वाहू द्यायचं आणि मग वर घ्यायची. आणि मोजमाप चालू असताना टाकीची मोटर बंद ठेवायची, नाहीतर टाकीचीच पातळी बदलत राहते.

सगळे नळ बंद असताना नळीतलं पाणी टाकीतल्या पाण्याच्या बरोबर रेषेत. बांबूवर खडूने रेघ मारली. यावरून लाइन चांगली आहे असं कुणी समजू नये. वाहतच नाही तिथे अडथळा दाब खात नाही. सुईएवढं भोक उरलं असतं तरी ही पातळी थोड्या वेळाने इथेच आली असती.

मग फक्त दुसऱ्या मजल्यावरचा नळ पूर्ण उघडायला लावला. मिनिटाला १३ लिटर. नळीतलं पाणी सव्वाचार फूट खाली घसरलं. त्यात पहिल्या मजल्याचाही नळ उघडला, तर पाणी गच्चीखाली गेलं, नळाच्या पातळीजवळ. सकाळी सातला तिसऱ्या मजल्यावर काय होतं, ते नळीत दिसलं.

८ फेब्रुवारी

आता हे सव्वाचार फूट नेमके कुठे मरतात ते शोधायचं. हेच माप लाइनीवर वेगवेगळ्या जागी घ्यायचं आणि दोन जागांमध्ये कुठे मोठी उडी पडते ते बघायचं. प्रत्येक वेळी दुसऱ्या मजल्याचा तोच एक नळ पूर्ण उघडा, बाकी सगळे बंद, म्हणजे मापं एकमेकांशी जुळवता येतात.

पहिली जागा हेडरच्या टोकाचा प्लग. नळ उघडल्यावर घसरण एक इंच. म्हणजे टाकी, आउटलेट आणि हेडर खरोखरच चांगले.

हेडरनंतर या लाइनीचा दीड इंची गेट वॉल्व्ह, पुढे १४ फूट दीड इंची पाइप गच्चीच्या कोब्याखालून पूर्वेच्या कठड्यापर्यंत, तिथे टी, टीच्या वर हवेच्या ये-जा साठी उघडा ठेवायचा व्हेंट पाइप आणि खाली उतरणारी लाइन. व्हेंटच्या तोंडाला मात्र कुणीतरी एंड कॅप आवळून ठेवलेली. सेक्रेटरींना विचारल्यावर कळलं: नव्या टाक्या बसवल्यावर टाकी भरली की व्हेंटमधून पाणी सांडायचं, म्हणून बंद केलं. सांडणारच, कारण व्हेंट गच्चीपासून पाच फूट आणि टाकीतलं पाणी सात फुटांवर.

कॅप काढून नळी तिथे लावली. घसरण चार फूट. हेडरवर एक इंच आणि व्हेंटवर चार फूट, म्हणजे जवळजवळ सगळं नुकसान वॉल्व्ह आणि त्या १४ फुटांत. उभी लाइन, मजल्यांच्या टी, घरांतले पाइप यांच्या वाट्याला जेमतेम तीन इंच. भिंती फोडायचा विषय संपला.

नळी काढून पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याचे नळ एकदम उघडायला लावले. व्हेंटमधलं पाणी खाली गेलं, सूऽऽ असा आवाज आला, आणि तोंडावर अंगठा ठेवला तर तो आत ओढला जातोय. अंगठ्याच्या पेराला गोल वळ उठला. टाकीतल्या पाण्याच्या सात फूट खालच्या पाइपात बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब! कॅप बंद असतानाही ही ओढ आत असतेच, तेव्हा ती जुन्या आट्यांच्या जोडांतून हवा घेते. सकाळचं पांढरट फेसाळ पाणी त्याचंच.

हेल्परला वाटलं व्हेंट उघडाच ठेवावा. तो आज परत बंद केला. गळा मोकळा होण्याआधी व्हेंट उघडला तर लाइन दणादण हवा पिईल आणि दुसरा मजलाही मरेल.

१० फेब्रुवारी

वॉल्व्ह उघडला. फिरवताना चाक शेवटपर्यंत सैल फिरत होतं, पूर्ण उघडल्यावर जो घट्ट थांबा लागतो तो नव्हता. बॉनेट, म्हणजे वॉल्व्हचं वरचं झाकण काढल्यावर कारण दिसलं. पितळी चकती दांड्यापासून सुटलेली आणि क्षारांच्या थरात तिरकी अडकलेली. दांडा वर-खाली होतो, चकती जागची हलत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वॉल्व्ह पूर्ण उघडा, आतून वाट तिसरा हिस्सा.

गेट वॉल्व्हच्या जागी दीड इंची फुल बोअर बॉल वॉल्व्ह घातला, १,८०० रुपये. दुकानात विचारून फुल बोअरच घ्यावा. दिसायला तसाच पण स्वस्त वॉल्व्ह मिळतो, त्याच्या गोळ्यातलं भोक एक साइज लहान असतं. आणि बॉल वॉल्व्हचा दांडा पाइपाच्या रेषेत आहे की आडवा, यावरून आतली स्थिती लांबूनही कळते.

पुन्हा तेच माप. व्हेंटवरची घसरण चार फुटांवरून अडीच फुटांवर आली. खालचे दोन नळ चालू ठेवून तिसऱ्या मजल्यावर बादली अडीच मिनिटांत भरली. आधी भरतच नव्हती.

काकूंना समाधान वाटलं, सेक्रेटरी बिल करा म्हणाले. बिल केलं नाही. चांगल्या दीड इंची पाइपाच्या १४ फुटांत एवढ्याशा प्रवाहाला अर्धा इंचही पडायला नको, आणि इथे अडीच फूट जातात. कोब्याखाली अजून काहीतरी आहे. आज काम इथेच सोडलं तर मे महिन्यात टाकी अर्धी असेल तेव्हा तक्रार परत येईल.

११ फेब्रुवारी

कोबा विटांच्या तुकड्यांचा, वर चायना मोझॅक. तो फोडायचा म्हणजे वॉटरप्रूफिंग फोडायचं, आणि बेळगावचा पाऊस बघता गच्चीला जोड ठेवणं तिसऱ्या मजल्याच्या छताला महागात पडतं. म्हणून आधी न फोडता जागा शोधली.

खालचे दोन नळ चालू ठेवून लोखंडी सळीचं एक टोक कोब्यावर आणि दुसरं कानामागच्या हाडावर टेकवत, फुटाफुटाने पुढे सरकलो. वॉल्व्हपासून पाच फुटांपर्यंत शांत. पुढच्या तीन फुटांत बारीक सळसळ. त्यापुढे पुन्हा शांत. त्याच जागी मोझॅकचे तुकडे थोडे वेगळ्या रंगाचे, कडेने सिमेंटची रेघ. म्हणजे पूर्वी इथे खोदून काहीतरी दुरुस्ती झालीय.

लाइन बंद करून दोन्ही टोकं कापली. एका टोकातून टॉर्च मारला आणि दुसऱ्या टोकाला डोळा लावला. अलीकडे गंजाच्या गाठी असलेला दीड इंची पाइप, मग एक स्वच्छ गोल कडा, आणि तिच्या मधोमध करंगळी जेमतेम जाईल एवढा उजेडाचा ठिपका. कडा रिड्युसरची. दीड इंचावरून पाऊण इंचाला उतरून तीन फूट तुकडा घातलाय आणि पुढे परत दीड इंच. बहुधा त्या वेळी हाताशी पाऊण इंचीच पाइप होता. नवा असताना तो कसाबसा चालला असेल, नंतर आतून गंज चढत गेला आणि पाऊण इंचाचं अर्धा इंच झालं.

वायरने गंज खरवडून काढायचा विचार लगेच सोडला. जुन्या जीआयमध्ये तोच गंज कधी कधी भोकाला बुजवून धरतो. खरवडला तर कोब्याखाली गळती, आणि ती कळेपर्यंत छत ओलं.

ठरलं ते असं: कोब्याखालचा पाइप तिथेच सोडायचा, दोन्ही टोकांना प्लग मारायचे, आणि नवी लाइन गच्चीवरून उघड्यावर न्यायची.

१३ फेब्रुवारी

दीड इंची जीआय, बी क्लास, म्हणजे निळ्या पट्टीचा, एक २० फुटी पाइप २,३०० रुपये. प्लास्टिकचं सीपीव्हीसी स्वस्त पडलं असतं आणि आटे पाडायचा त्रासही नसता, पण दिवसभर उन्हात उघडं राहिलं तर ते ठिसूळ होतं. रंग मारला तर टिकतं, पण सोसायटीत दर दोन वर्षांनी रंग कोण मारणार? जीआय गंजेल, पण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर गंजेल आणि पान्याने काढता येईल.

पाइप सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवला. उताराकडे नीट लक्ष दिलं: वॉल्व्हपासून व्हेंटकडे एकसारखा वर जाणारा, १४ फुटांत एक इंच. मध्ये कुठेही उंटाची पाठ होता कामा नये, नाहीतर टाकी एकदा रिकामी होऊन परत भरली की त्या उंचवट्यात हवा अडकते, आणि एवढ्या कमी दाबाला ती हलत नाही. लाइन दोरी लावून बघितली, दोन ठोकळ्यांखाली कडप्प्याचे तुकडे सारले. मध्ये एक युनियन ठेवलं, पुढे कुणाला उघडायचं झालं तर कापाकापी नको.

कठड्याजवळच्या टीवर व्हेंट नवा केला. पाऊण इंची, गच्चीपासून आठ फूट, म्हणजे टाकीतल्या पाण्याच्या एक फूट वर. वरचं तोंड दोन एल्बोंनी खाली वळवलं आणि डासांची जाळी बांधली. आता टाकी भरली तरी सांडत नाही, त्यामुळे कॅप लावायची वेळ कुणावर येणार नाही.

पाणी सोडायच्या आधी चारही स्वयंपाकघरांतल्या नळांच्या जाळ्या काढल्या आणि गीझरचे इनलेट कॉक बंद केले. हातोडी आणि करवतीच्या हादऱ्याने सुटलेला गंज पहिल्या पाण्याबरोबर खाली येतोच. आधी फक्त तळमजल्याचा नळ पूर्ण उघडला. दहा मिनिटं चहासारखं लाल पाणी, त्यात गव्हाएवढ्या खपल्या, मग हळूहळू स्वच्छ. त्यानंतर पहिला, दुसरा, तिसरा. हा क्रम उलटा केला तर खपल्या वरच्याच नळांत जाऊन बसतात.

तळमजल्यावरच्या आजोबांनी पाणी आल्याची कानडीत "नीर बंत्री!" म्हणून जिन्यातून हाक दिली, तेव्हा वर मोजायला घेतलं. दुसऱ्या मजल्याचा नळ उघडल्यावर व्हेंटवर घसरण दीड इंच. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याचे नळ पूर्ण चालू ठेवून तिसऱ्या मजल्यावर १० लिटर ५८ सेकंदांत. फेस नाही. व्हेंटवर अंगठा ठेवला, ओढ नाही.

खर्च: पाइप २,३००, वॉल्व्ह १,८००, युनियन-एल्बो-टी-रिड्युसर-प्लग मिळून १,४५०, व्हेंटचं सामान ६५०, नळी २४०, मजुरी ४,५००. एकूण १०,९४० रुपये.

२७ फेब्रुवारी

सकाळी सातलाच परत गेलो. शहराचं पाणी दोन दिवस आलं नव्हतं, टाकीत फूटभरच पाणी. तिसऱ्या मजल्यावर बादलीला ६५ सेकंद लागले. तीन फूट उंची कमी झाली की एवढा फरक पडणारच, तो पाइपाने भरून येत नाही. काकूंना भिंतीतला शॉवरही जोरात हवा आहे. तो या उंचीला मिळणार नाही हे स्पष्ट सांगितलं. हवाच असेल तर टाकीपासून वेगळी सक्शन लाइन घेऊन छोटा पंप, किचन लाइनीवर कदापि नाही.

गच्चीवर असतानाच पश्चिमेकडच्या किचन लाइनीलाही नळी लावली. तिचा व्हेंटही कॅप लावून बंद केलेला आणि वॉल्व्ह त्याच वयाचा. दुसऱ्या मजल्याचा नळ उघडल्यावर घसरण सात इंच. तक्रार अजून नाही, पण चांगल्या लाइनीत दीड इंच असतं. मोजमाप, तारीख आणि टाकीची पातळी सोसायटीच्या वहीत लिहून ठेवली. पुढच्या वर्षी याच महिन्यात, टाकी भरलेली असताना, तोच एक नळ उघडून परत मोजायचं. फूटभराच्या वर गेलं तर आधी वॉल्व्हचं बॉनेट काढायचं.